नकाराचे पत्र, वेळेवर

नोकरीच्या अर्जाचे नमुने पुस्तकांतून मिळतात, राजीनाम्याचेही मिळतात. या दोहोंच्या मधले एक पत्र मात्र असे आहे की, ते बहुतेकांना आयुष्यात एक-दोनदाच लिहावे लागते आणि त्याचा सराव कोणालाच नसतो. एका कंपनीने नोकरी देऊ केलेली असते. तिला उत्तर देण्याची मुदत चालू असतानाच दुसरीकडून अधिक चांगली संधी येते आणि ती स्वीकारली जाते. आता पहिल्या कंपनीला नकार कळवायचा असतो. तोही अशा रीतीने की, काही वर्षांनी त्याच दारी जाण्याची वेळ आली तर संकोच वाटू नये. संकोचापोटी अनेक उमेदवार अशा वेळी काहीच कळवत नाहीत. फोन उचलला जात नाही, ई-मेलला उत्तर जात नाही आणि मुदत उलटून जाते.

कायद्याच्या दृष्टीने या मौनात दोष काढता येत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६ नुसार प्रस्तावात स्वीकृतीसाठी मुदत दिलेली असेल आणि तोवर स्वीकृती कळवली नाही, तर प्रस्ताव आपोआप संपुष्टात येतो. म्हणजे नकाराचे पत्र लिहिण्याची सक्ती कोणावरही नाही. तरीही ते लिहायचे, कारण त्या मुदतीत कंपनीच्या दाराबाहेर आणखी कोणीतरी ताटकळत असते. ते कसे, हे एका नमुना उदाहरणावरून पाहू.

दोन प्रस्ताव, अकरा दिवस

इंदूरमध्ये लहानाचा मोठा झालेला एक मराठी तरुण अभियंता देवासच्या एका लहान कारखान्यात तीन वर्षे गुणवत्ता नियंत्रणाचे काम करीत आहे, असे समजू. गुरुवार, ४ जून रोजी त्याला पीथमपूर औद्योगिक क्षेत्रातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीकडून गुणवत्ता अभियंता या पदाचे प्रस्तावपत्र मिळते. उत्तर १५ जूनपर्यंत द्यायचे आहे आणि १५ जुलैला रुजू व्हायचे आहे. सध्याच्या कारखान्यात त्याला एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते. नोकरी घरापासून जवळ, पगार समाधानकारक, आईवडीलही खूश.

सोमवार, ८ जूनला पुण्याच्या एका कंपनीतून फोन येतो : ‘तुमची निवड झाली आहे.’ तेथे सीएमएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रिमितीय मापनयंत्रावर काम करायला मिळणार असते. याच विषयात पुढे जाण्याची त्याची फार दिवसांची इच्छा आहे. पगारही बराच अधिक आहे. त्याच संध्याकाळी पीथमपूरला नकार कळवून मोकळे व्हावे, असा मोह त्याला होतो.

हा मोह त्याने आवरावा, हे उत्तम. फोनवर सांगितलेली निवड म्हणजे प्रस्ताव हाती आला असे होत नाही. वरिष्ठांची अंतिम मंजुरी राहिलेली असू शकते, वेतनश्रेणीचा आकडा बदलू शकतो, क्वचित पदच गोठवले जाते. बुधवारी, १० तारखेला पुण्याचे पत्र हाती पडते, तेव्हा त्यातही एक वाक्य असते : ‘सदर नियुक्ती वैद्यकीय तपासणी समाधानकारक ठरण्याच्या अटीवर आहे.’ प्रस्तावपत्रात ‘अटीवर’, ‘अधीन राहून’ असे शब्द जेथे जेथे येतात, त्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढावी. वैद्यकीय तपासणी, गुणपत्रिकांची पडताळणी, पूर्वीच्या मालकाकडून मिळणारे कार्यमुक्तीपत्र या नेहमीच्या अटी होत. यांपैकी कोणती अट रुजू होण्यापूर्वी पूर्ण व्हायची आहे आणि कोणती नंतर, हे ई-मेलने विचारून घ्यावे. कार्यमुक्तीपत्रासारखी अट उमेदवाराच्या स्वतःच्या हातात असते. तिच्यासाठी थांबण्याचे कारण नाही. वैद्यकीय तपासणीचा निकाल मात्र त्याच्या हातात नसतो.

आपला अभियंता गुरुवारी तपासणी करून घेतो. शुक्रवारी, १२ जूनला सकाळी अहवाल समाधानकारक असल्याचा पुण्याचा ई-मेल येतो. तो लगेच स्वीकृती पाठवतो आणि ती पोहोचल्याचे उत्तर मिळवतो. दुपारी तो पीथमपूरला फोन करतो व पाठोपाठ नकाराचे पत्र पाठवतो. संध्याकाळी देवासच्या कारखान्यात राजीनामा देतो. स्वीकृती, नकार, राजीनामा हा क्रम मोडला, तर मधल्या काळात दोन्ही नोकऱ्या हातच्या जाण्याचा धोका असतो.

तपासणीचा निकाल १५ तारखेपर्यंत येणार नाही असे दिसले असते, तर? तर त्याने पीथमपूरला मुदत संपण्यापूर्वीच लेखी विनंती करून तीन-चार दिवस अधिक मागायला हवे होते. ‘निर्णयासाठी १९ जूनपर्यंत मुदत मिळावी’ एवढे पुरते. नवी तारीख नेमकी सांगावी आणि ती एकदाच मागावी. कंपनी नाही म्हणाली, तर १५ तारखेला हातात जे आहे त्याच्या आधारे निर्णय घ्यावा लागतो. एक प्रस्ताव आधी स्वीकारून ठेवायचा आणि दुसरा पक्का झाला की मोडायचा, हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याविषयी पुढे येईलच.

टेबलाच्या पलीकडे

पीथमपूरच्या कंपनीत या अकरा दिवसांत काय घडत असते? एका जागेसाठी मुलाखती झाल्या की मनुष्यबळ विभाग सहसा दोन किंवा तीन नावे क्रमाने लावून ठेवतो. पहिल्याला प्रस्ताव जातो. दुसऱ्याला कोणी ‘नाही’ म्हणत नाही. ‘प्रक्रिया चालू आहे’ असे सांगून त्याला थांबवून ठेवले जाते. पहिल्याने नकार दिला तर दुसऱ्याला बोलवायचे असते. पण दुसराही इतरत्र अर्ज करीतच असतो. सोमवारी तो उपलब्ध असतो, पुढच्या सोमवारी कदाचित नसतो. तोही गेला, तर जाहिरातीपासून सारे पुन्हा करावे लागते, आणि ज्या विभागात माणूस हवा होता त्याचा प्रमुख दोन महिने अपुऱ्या हातांनी काम चालवतो.

कंपनीच्या मनात उमेदवाराविषयी जे मत तयार होते, ते मुख्यतः यावर ठरते. ज्याच्या नकारानंतर दुसरा उमेदवार लगेच मिळाला, त्याच्याविषयी आठवणीत कटुता राहत नाही. ज्याच्या मौनामुळे दोघेही गेले, त्याचे नाव विभागप्रमुख विसरत नाही. अनेक कंपन्यांच्या संगणकीय नोंदींत ‘प्रस्ताव नाकारला’ आणि ‘प्रतिसाद नाही’ हे दोन वेगळे शेरे असतात, आणि पुन्हा अर्ज आला की जुना शेरा समोर उघडतो. म्हणून नकाराच्या पत्रातील सौजन्य विशेषणांपेक्षा तारखेतून अधिक कळते. १५ जूनची मुदत असताना १२ जूनला आलेले साधे चार ओळींचे पत्र हे २० जूनला आलेल्या अलंकारिक दिलगिरीपेक्षा कंपनीच्या अधिक कामाचे असते.

पहिला मसुदा

पत्र लिहायला बसल्यावर पहिल्या मसुद्यात सहसा तीन चुका होतात. आपल्या अभियंत्याच्या मसुद्यातही त्या असाव्यात.

‘काही अपरिहार्य कौटुंबिक कारणांमुळे’ अशी त्याने सुरुवात केली. कारण खोटे आहे. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचे जग लहान असते. पुरवठादार तेच, ग्राहक तेच, तपासनीसही पुष्कळदा तेच. महिन्याभरात तो पुण्यात रुजू झाल्याचे पीथमपूरला कळणार. तेव्हा नकाराचे वाईट वाटणार नाही, पण बहाण्याचे वाटेल.

पुढे त्याने लिहिले, ‘मला दुसरीकडे वार्षिक दीड लाख रुपये अधिक मिळत आहेत.’ ही गोष्ट खरी असली तरी आकडा लिहिताच पत्राचा अर्थ बदलतो. वाचणाऱ्याला वाटते, याला घासाघीस करायची आहे. मग फोन येतो : ‘आम्ही एक लाख वाढवले तर?’ ज्याने दुसरी नोकरी स्वीकारलेली आहे, त्याला या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. आकड्यांची बोलणी करायची असतील, तर ती दुसरा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी करावीत. नकाराच्या पत्रात त्यांना जागा नाही.

तिसरे वाक्य होते, ‘सध्या आपल्याकडे रुजू होणे मला शक्य होईल असे वाटत नाही.’ भिडस्त माणसाच्या लेखणीतून असे वाक्य सहज उतरते. पण ‘सध्या’ या शब्दामुळे तो नकार आहे की पुढची तारीख मागितली आहे, हे कळत नाही. मनुष्यबळ अधिकारी उलट विचारतो, ‘मग केव्हा येऊ शकाल?’ आणि तोवर दुसरा उमेदवार ताटकळतच राहतो. नकार एकाच वाक्यात, एकाच अर्थाचा हवा. मार्दव त्याच्या मागच्या-पुढच्या वाक्यांत आणावे.

प्रत्यक्ष पत्र

सुधारलेले पत्र असे झाले. प्रत्यक्षात ते इंग्रजी किंवा हिंदीतून जाईल. मजकुराचा क्रम मात्र कोणत्याही भाषेत हाच राहील.

दिनांक : १२ जून

विषय : गुणवत्ता अभियंता पदाचा प्रस्ताव न स्वीकारण्याबाबत

संदर्भ : आपले ४ जूनचे पत्र

आदरणीय महोदया,

गुणवत्ता अभियंता या पदासाठी आपण माझी निवड केलीत, याबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे. दोन्ही मुलाखतींसाठी आपण व विभागप्रमुखांनी भरपूर वेळ दिलात, तसेच कारखान्यातील मोजमाप कक्ष आवर्जून दाखवलात. त्या भेटीत मला बरेच शिकायला मिळाले.

पूर्ण विचारांती मी हा प्रस्ताव स्वीकारू शकत नाही, हे नम्रपणे कळवीत आहे. मी आज दुसऱ्या एका कंपनीतील पद स्वीकारले आहे. तेथे मला त्रिमितीय मापनयंत्रावर पूर्णवेळ काम करायला मिळणार असून, पुढील काही वर्षे याच विषयात अनुभव घ्यावा, असे मी ठरवले आहे.

आपण मला १५ जूनपर्यंत मुदत दिली होती. आपणास अन्य उमेदवाराशी वेळेत संपर्क साधता यावा, म्हणून निर्णय होताच दूरध्वनीवर बोललो आणि हे पत्र पाठवीत आहे. माझ्या नकारामुळे आपणास होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.

माझे कुटुंब इंदूरमध्येच आहे. पुढे कधी आपल्या मोजमाप कक्षात माझ्या या अनुभवाचा उपयोग होईल अशी जागा निघाली, तर रीतसर अर्ज करायला मला आनंद वाटेल.

विभागप्रमुखांनाही माझे आभार कळवावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,

या पत्रात कारण आहे, पण ते कामाच्या स्वरूपाविषयी आहे. त्यामुळे पीथमपूरच्या कंपनीत काही उणे होते, असा अर्थ निघत नाही आणि पगार वाढवून त्याला परतवून लावण्याची वाटही उरत नाही. नव्या कंपनीचे नाव नाही, कारण ते सांगण्याची गरज नसते. आभारांच्या ओळीत मोजमाप कक्षाचा उल्लेख आहे. त्यावरून हे पत्र छापील नमुन्यावरून उतरवलेले नाही, हे वाचणाऱ्याला उमगते. शेवटून दुसरा परिच्छेद दार उघडे ठेवण्यासाठी आहे. ‘भविष्यात संधी मिळाल्यास आवडेल’ असे मोघम वाक्य कोणीही लिहितो आणि कोणीही लक्षात ठेवत नाही. इथे परतण्याचे खरे कारण सांगितले आहे, ते म्हणजे इंदूरचे घर; आणि परतताना सोबत काय आणणार हेही सांगितले आहे.

पत्रापूर्वी फोन का करायचा? ज्या अधिकाऱ्याशी दोन-तीनदा बोलणे झाले, त्याला बातमी आधी आवाजातून कळावी, हा शिष्टाचार आहे. फोन दोन मिनिटांत आटपावा आणि लगेच पत्र पाठवावे, कारण कार्यालयात नोंद कागदाचीच होते. नोकरी एखाद्या मध्यस्थ सल्लागारामार्फत आली असेल, तर त्यालाही त्याच दिवशी कळवावे. केवळ त्याच्यावर निरोप सोपवून गप्प बसू नये. त्याचा मोबदला नेमणुकीवर अवलंबून असतो आणि नकार पुढे पोहोचवायला त्याला घाई नसते.

आधीच होकार दिला असेल तर

वरील पत्र होकार देण्यापूर्वीच्या स्थितीसाठी आहे. पीथमपूरच्या पत्रावर सही करून ते पाठवून दिल्यानंतर पुण्याचा प्रस्ताव आला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. करार अधिनियमाच्या कलम ५ नुसार स्वीकृती समोरच्याला कळण्यापूर्वीच ती मागे घेता येते, नंतर नाही. टपालाने धाडलेले पत्र वाटेत असताना हे शक्य होते. ई-मेलच्या बाबतीत ती सवड जवळजवळ उरत नाही. म्हणजे मग दिलेला नकार हा प्रस्तावाला दिलेला नकार न राहता झालेल्या करारातून माघार ठरतो.

न्यायालय कोणालाही एखाद्याची नोकरी करण्याची सक्ती करीत नाही. पण त्याच अधिनियमाच्या कलम ७३ व ७४ खाली वाजवी नुकसानभरपाईचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो, विशेषतः सही केलेल्या पत्रात तसे कलम असेल तर. अशी कलमे केवळ कागदावरची असतात, असे मानून चालू नये. सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेच्या नियुक्तीपत्रात किमान तीन वर्षे सेवा, अन्यथा दोन लाख रुपये अशी अट होती. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. ते प्रकरण रुजू होऊन नंतर राजीनामा देणाऱ्या अधिकाऱ्याचे होते, रुजूच न झालेल्याचे नव्हे. तरीही सहीपूर्वी प्रत्येक कलम वाचण्याचे महत्त्व त्यातून स्पष्ट होते.

माघारीच्या पत्रात म्हणून ‘स्वीकारू शकत नाही’ असे लिहून भागत नाही. ‘९ जूनला मी होकार दिला होता, तो मी मागे घेत आहे, याची जबाबदारी माझी आहे’ असे स्पष्ट लिहावे लागते. दिलेली आगाऊ रक्कम, प्रवासखर्च, लॅपटॉप वा ओळखपत्र परत करण्याची तारीख पत्रातच नमूद करावी. बँकेशी संबंधित आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. होकारानंतर पुष्कळ कंपन्या उमेदवाराची कागदपत्रे घेऊन वेतनखाते उघडण्याची प्रक्रिया सुरू करतात. ती थांबवण्याची विनंती पत्रात करावी. खाते उघडले गेले असेल तर शाखेत जाऊन ते बंद करावे. काही महिने वेतन जमा न झाल्यास असे खाते साधारणतः सामान्य बचत खात्यात बदलले जाते आणि मग किमान शिलकीसंबंधी त्या बँकेचे जे नियम असतील, ते त्याला लागू होतात.

असे पत्र कितीही चांगले लिहिले, तरी त्यानंतर दार पूर्वीइतके उघडे राहत नाही, हे मान्य करायला हवे. म्हणूनच पहिल्या कंपनीकडे चार दिवसांची मुदत मागण्याचा संकोच परवडतो, दिलेला होकार मोडण्याचा नाही.

दार कोणते, हेही पाहावे

सगळीच दारे पत्राने उघडी राहत नाहीत. स्पर्धा परीक्षेतून होणाऱ्या भरतीत पुढची संधी गुणांवर आणि वयोमर्यादेवर ठरते. सौजन्याच्या पत्राची नोंद तेथे उपयोगी पडत नाही. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांसाठी आयबीपीएसमार्फत होणाऱ्या सामाईक भरतीत निवड सोडून दिली, तर पुन्हा यायचे म्हणजे पुन्हा परीक्षा द्यायची. तेथेही नकार लवकर कळवण्यात अर्थ आहे, तो राखीव यादीवर वाट पाहणाऱ्यांसाठी. महाविद्यालयातून झालेल्या निवडीत तर संस्थेचा संबंध गुंतलेला असतो. म्हणून तेथे कंपनीला लिहिण्यापूर्वी महाविद्यालयाच्या नियुक्ती अधिकाऱ्याशी बोलावे. एका विद्यार्थ्याच्या वागण्यामुळे पुढच्या वर्षीच्या मुलांची संधी जाऊ नये.

खासगी कंपनीच्या बाबतीत मात्र पत्राने ठेवलेली फट पुढे आपणच जपावी लागते. पीथमपूरच्या अधिकाऱ्याने उत्तरादाखल शुभेच्छा पाठवल्या, तर त्याच दिवशी एका ओळीत आभार मानावेत. वर्षभराने प्रदर्शनात वा एखाद्या ग्राहकाच्या कारखान्यात विभागप्रमुख भेटले, तर ओळख द्यावी. जागा निघाली की अर्जाच्या पहिल्याच ओळीत जुना प्रसंग सांगून टाकावा : ‘आपण मला पूर्वी हे पद देऊ केले होते, १२ जूनच्या पत्राने मी ते नाकारले होते.’ लपवण्यासारखे त्यात काही नसते, कारण पत्र त्यांच्या फायलीत असतेच.

आपल्या उदाहरणातील शुक्रवारी पत्र मिळाल्यावर पीथमपूरच्या मनुष्यबळ अधिकारी यादी उघडतात आणि दुसऱ्या नावाला फोन लावतात. शनिवारी त्या उमेदवाराला प्रस्तावपत्र जाते. आठ दिवस तो घरी प्रत्येक फोनकडे आशेने पाहत होता; त्याने अद्याप दुसरीकडे होकार दिलेला नसतो. १५ जुलैला तो कामावर रुजू होतो. त्या जागेसाठी आपल्या आधी कोणाला विचारले होते, हे त्याला कधीच कळत नाही. विभागप्रमुखांना मात्र ते ठाऊक असते.